तीन सेकंदांची चूक

आजची गोष्ट फ्रान्स आणि स्पेनमधली आहे, पण ती मला का सांगावीशी वाटते हे कळायला राजस्थानातल्या एका रात्रीपासून सुरुवात करावी लागेल.

मी तेव्हा तोफखान्यात लेफ्टनंट होतो. वाळवंटात सराव चालू होता आणि आमच्या तुकडीकडे तोफांच्या जागांचा सर्व्हे करण्याचं काम होतं. पद्धत अशी, की नकाशावर जिचे आकडे पक्के माहीत आहेत अशा एका खुणेपासून निघायचं, थिओडोलाइटने कोन आणि फीत लावून अंतर मोजत टप्प्याटप्प्याने पुढे जायचं, तोफांच्या जागा घ्यायच्या आणि शेवटी दुसऱ्या एखाद्या माहितीतल्या खुणेवर येऊन थांबायचं. तुमच्या मोजणीने त्या खुणेचे जे आकडे येतात आणि तिचे जे खरे आकडे आहेत, त्यांच्यातला फरक म्हणजे क्लोजिंग एरर. तो कधीच शून्य येत नाही. आला तर अनुभवी माणूस आधी संशयाने बघतो.

त्या दिवशी सहा किलोमीटरच्या फेरीत माझा फरक चार मीटर आला. मर्यादा होती सहा मीटरची. म्हणजे काम पास. पण मला ते चार मीटर बघवेनात. मी सगळी गणितं पुन्हा केली, आणि मग टॉर्च लावून मधले तीन टप्पे पुन्हा मोजले. दुसऱ्यांदा फरक आला पाच मीटर. तिसऱ्यांदा साडेतीन. सकाळी उजाडलं तेव्हा तोफांना अजून आकडे मिळालेले नव्हते आणि ठरलेली फायरिंगची वेळ निघून गेली होती. गंमत म्हणजे एकाच तोफेने एकाच निशाण्यावर टाकलेले गोळे आपापसांतच कितीतरी मीटर पुढेमागे पडतात. माझ्या चार मीटरांचा पत्ता त्या तोफेला लागलाही नसता.

आमचे सर्व्हे हवालदार सातारकडचे होते. रात्री मी रबराने फील्डबुकातला एक आकडा खोडायला लागलो, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "साहेब, खोडू नका. एक रेघ मारा, शेजारी नवा लिहा, सही करा. जुना दिसला पाहिजे." तेव्हा मला तो नियमाचा अट्टहास वाटला होता. त्याचं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं, पिएर मेशँ या माणसाची हकिकत वाचताना.

मेशँ हा फ्रेंच खगोलवेत्ता, जन्म 1744 चा. घरची परिस्थिती साधी होती. नौदलाच्या नकाशा विभागात काम करत करत तो वर आला, काही धूमकेतू त्याने शोधले, आणि त्याच्या आकडेमोडीवर सगळ्या युरोपचा भरवसा होता. राज्यक्रांतीनंतर फ्रान्सने ठरवलं की गावोगावची वेगवेगळी मापं बंद करून लांबीचं एकच नवं माप आणायचं आणि ते पृथ्वीवरूनच घ्यायचं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. आता एवढं सगळं अंतर कोणी चालत मोजत नाही. डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची उत्तर-दक्षिण पट्टी त्रिकोणांची साखळी टाकून मोजायची, दोन्ही टोकांचे अक्षांश आकाशातल्या ताऱ्यांवरून काढायचे आणि त्यावरून उरलेल्याचा हिशेब करायचा असं ठरलं. दोन्ही गावं समुद्राकाठची आहेत आणि मधोमध 45 वा अक्षांश येतो, म्हणून हीच पट्टी निवडली. 1792 च्या जूनमध्ये दोन माणसं पॅरिसहून निघाली. उत्तरेचा भाग द्लाँब्रने करायचा, दक्षिणेचा मेशँने, आणि दोघांनी रोदेझ या गावी भेटायचं. काम वर्षभरात आटपेल असा अंदाज होता. लागली सात वर्षं.

दोघांकडे एकाच जातीचं यंत्र होतं, बोर्दा यांनी विकसित केलेलं आणि लन्वार नावाच्या कारागिराने घडवलेलं पुनरावृत्तीचं वर्तुळ. त्याची युक्ती समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच आहे. एका वर्तुळावर दोन दुर्बिणी असतात. एक घट्ट करायची आणि दुसरी फिरवायची, मग दुसरी घट्ट करून पहिली फिरवायची. असं करत गेलं की तोच कोन दर वेळी वर्तुळावर आधीच्या पुढे जमा होत जातो. वीस वेळा करून शेवटी एकदाच आकडा वाचायचा आणि विसाने भागायचं. वाचताना डोळ्याची जी चूक होते तीही विसाने भागली जाते. त्यामुळे लहानशा, डोंगरावर उचलून नेता येईल अशा यंत्रातून मोठ्या यंत्राइतकी बारीक मापं मिळत. अर्थात वापरणाऱ्याच्या मनात एक समजूतही आपोआप रुजे, की जितक्या जास्त वेळा मोजू तितके सत्याच्या जवळ जाऊ.

1792 च्या हिवाळ्यात मेशँने बार्सिलोनाच्या माँटज्विक टेकडीवरच्या किल्ल्यातून अक्षांश काढला. रात्रीमागून रात्री त्याने ध्रुवताऱ्यासह उत्तरेकडच्या अनेक ताऱ्यांची उंची मोजली. उत्तर आलं सुमारे 41 अंश 21 मिनिटे 45 सेकंद. तारे एकमेकांशी सुरेख जुळत होते, फक्त एक सोडून. सप्तर्षींतला आपला वसिष्ठ, ज्याला तिकडे मिझार म्हणतात, तो बाकीच्यांपासून काही सेकंद बाजूला पडत होता. मेशँने हवेत प्रकाश वाकतो त्याचं कारण लावून पाहिलं, पण मनातून ते गेलं नाही.

मग दिवस फिरले. 1793 च्या जानेवारीत पॅरिसमध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि मार्चमध्ये फ्रान्स-स्पेन युद्ध पेटलं. त्याच वसंतात बार्सिलोनाजवळचा पाण्याचा एक पंप बघायला गेलेल्या मेशँला दांड्याचा जबर तडाखा बसला. डोकं फुटलं, बरगड्या मोडल्या, तो तीन दिवस बेशुद्ध होता. त्यातून उठला तर परत जायला परवानगी नाही. सरहद्दीवरच्या डोंगरांची मापं खिशात असलेला शत्रूदेशाचा माणूस कोण सोडणार? मीही सोडला नसता. माँटज्विकचा किल्लाही त्याला बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात, निव्वळ हात रिकामे राहू नयेत म्हणून, तो उतरला होता त्या फाँताना द ओरो नावाच्या खानावळीच्या गच्चीवरून त्याने तेच तारे पुन्हा मोजले.

खानावळ आणि किल्ला यांत अंतर सुमारे दोन किलोमीटरचं. ते त्याने त्रिकोण टाकून नेमकं काढलं. म्हणजे खानावळीचा अक्षांश आला की त्यातून ठरावीक सेकंद वजा केले, की किल्ल्याचा अक्षांश यायला हवा. आमच्या भाषेत, फेरी बंद व्हायला हवी. ती बंद झाली नाही. तीन सेकंदांहून थोडा जास्त फरक उरला. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर, तेव्हा फरक झाला शंभर मीटरांचा. बोर्दाचं यंत्र, हजारो मापं, आणि शंभर मीटर!

इथून पुढे मेशँने जे केलं त्यासाठी मी त्याची गोष्ट सांगतो आहे. त्याने तो फरक कोणाला सांगितला नाही. द्लाँब्रला नाही, बोर्दाला नाही. किल्ल्यावर जाऊन पुन्हा मोजायला मिळालं तर दोष सापडेल अशी आशा होती, पण परवानगी मिळेना. अखेर 1794 मध्ये तो इटलीत गेला, तिथे रेंगाळला, आणि 1795 मध्ये फ्रान्सला परतला. पुढची तीन वर्षं तो पेर्पिन्याँ आणि कार्कासॉन या भागात होता. हाताशी मोजकेच त्रिकोण उरले होते. तेवढ्यात द्लाँब्रने, मध्यंतरी राजकारणामुळे कामावरून काढून टाकलेलं असतानाही, आपला मोठा भाग उरकत आणला. मेशँ मात्र एकेका डोंगरावर चांगल्या हवेची वाट बघत बसे, झालेले आकडे पुन्हा तपासे, हिवाळा आला की हातचा मोसम गेला म्हणून हळहळे. पॅरिसला यायचं तर आकडे दाखवावे लागतील, म्हणून काम संपूच द्यायचं नाही. काम पुरं न झालेला माणूस चुकलेला ठरत नाही ना!

त्याच्या हाताखाली त्राँशो नावाचा लष्करी इंजिनियर होता. कोर्सिका बेटाचा नकाशा केलेला, तयारीचा माणूस. पण मेशँ त्याला महत्त्वाची मापं घेऊ देत नसे. मी त्राँशोच्या बाजूने जरा जास्तच विचार करतो हे कबूल आहे. तरीही सर्व्हेच्या दृष्टीने ही गोष्ट वाईट होती. दुसऱ्या माणसाचा डोळा ही त्याच्याकडे असलेली सर्वांत स्वस्त तपासणी होती आणि तीच त्याने नाकारली. दुसरी खूण त्याच्या कागदांत होती. द्लाँब्र बांधलेल्या वहीत शाईने लिहायचा, पानांवर सह्या असत. मेशँ सुट्या कागदांवर पेन्सिलीने लिहायचा आणि मागाहून सुबक प्रत करायचा. पेन्सिलीचा आकडा बदलता येतो, आणि भ्यालेल्या माणसाला हातातली पेन्सिल स्वस्थ बसू देत नाही.

1798 मध्ये त्याची बायको पॅरिसहून एवढा प्रवास करून समजावायला आली. शरदात द्लाँब्र स्वतः कार्कासॉनला जाऊन त्याला घेऊन आला. पॅरिसमध्ये निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ आकडे तपासायला जमून बसलेच होते. मेशँने किल्ल्यावरची मापं नीटनेटकी करून मांडली, खानावळीची दडवली. परीक्षकांनी त्याच्या मापांच्या जुळणीची वाहवा केली. 22 जून 1799 रोजी प्लॅटिनमचा मीटर सरकारी दप्तरात जमा झाला. मेशँला वेधशाळेचा प्रमुख केलं गेलं. कौतुकाच्या प्रत्येक शब्दाने त्याला आत काय होत असेल, याची मला थोडीशी कल्पना आहे.

आणि तो पुन्हा निघाला. ही साखळी बार्सिलोनाच्या पुढे समुद्रातल्या बॅलिआरिक बेटांपर्यंत न्यावी असा आग्रह त्याने धरला. शास्त्राच्या दृष्टीने कल्पना चांगली होती, पण तिचा आणखी एक उपयोग होता. टोक बेटांवर गेलं की बार्सिलोनाच्या अक्षांशावर काही अवलंबून राहणार नव्हतं. वेधशाळेचा प्रमुख, साठीला आलेला, 1803 मध्ये पुन्हा स्पेनच्या डोंगरांत हिंडू लागला. किनाऱ्यावरच्या दलदलीत तापाने त्याला गाठलं आणि 20 सप्टेंबर 1804 रोजी कास्तेयोन इथे तो मरण पावला.

कागदपत्रं द्लाँब्रकडे आली. सगळ्या मोहिमेचा ग्रंथ त्यालाच लिहायचा होता. सुटी पानं लावताना त्याला आधी खानावळीची मापं दिसली, मग खोडलेले आणि बदललेले आकडे दिसू लागले. मेशँने नुसता फरक दडवला नव्हता, आकडे अधिक सुबक दिसावेत म्हणून काही ठिकाणी मूळ नोंदींनाही हात लावला होता. द्लाँब्रने जमेल तितके मूळ आकडे शोधून काढले, कडेला टिपा लिहिल्या आणि कागद वेधशाळेच्या दप्तरात ठेवून दिले.

आता जरा हिशेब करू. डंकर्क ते बार्सिलोना अंतर सुमारे 1075 किलोमीटर, म्हणजे 10 लाख 75 हजार मीटर. त्यात 100 मीटरची चूक. सगळीच्या सगळी चूक किल्ल्यावरच्या मापात होती असं धरलं तरी एका मीटरमागे फरक पडतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्या काळच्या कापडाच्या व्यापाऱ्याला सोडा, सुताराला किंवा लोहारालासुद्धा तो दिसला नसता. बरं, मीटर चुकला नाही का? चुकला. आज ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर एक कोटी मीटर नव्हे, एक कोटी दोन हजार मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे ठरवलेला मीटर सुमारे 0.2 मिलिमीटर आखूड पडला. पण त्यातला मोठा वाटा मेशँच्या तीन सेकंदांचा नाही. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे याचा आकडा समितीने 334 त 1 असा धरला, तो खरा 298 त 1 च्या जवळ आहे. शिवाय पृथ्वी ठिकठिकाणी ओबडधोबड आहे, ती कुठल्याच एका सुबक सूत्रात बसत नाही. ज्या चुकीने माणूस झिजला तिच्यापेक्षा मोठी चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सर्वांच्या संमतीने झाली होती आणि तिच्यामुळे कोणाची झोप उडाली नव्हती.

मग ते तीन सेकंद आले कुठून? याचं उत्तर 1828 मध्ये निकोले या खगोलवेत्त्याने मेशँच्याच आकड्यांतून दिलं. ते समजायला वाण्याचा तराजू डोळ्यांसमोर आणा. तराजूला पासंग असेल, म्हणजे एक पारडं मुळातच जड असेल, तर तीच साखर हजार वेळा तोला. हजारही वजनं छान जुळतील आणि सगळी सारखीच चुकीची असतील. पासंग ओळखायचा तर पारडी अदलाबदल करून तोलावं लागतं. मेशँच्या यंत्रात झिजेने किंवा जुळणीने असाच कल आला असावा. उत्तरेचा तारा पाहताना त्या कलाने उत्तर एका बाजूला सरकतं, दक्षिणेचा तारा पाहताना नेमकं उलट बाजूला. निकोलेने डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेचे तारे आणि दक्षिणेचे तारे वेगळे काढून त्यांची सांगड घातली, तेव्हा किल्ला आणि खानावळ यांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे दक्षिणेचे पुरेसे तारे घेतले असते, किंवा त्याने फरक उघड केला असता आणि हे दुसऱ्या कोणाला सुचलं असतं, तर प्रश्न पॅरिसमध्ये टेबलावर सुटला असता. मेशँ मात्र दहा वर्षं त्याच तराजूत तीच साखर तोलत राहिला. पुनरावृत्तीने हाताची थरथर कमी होते, यंत्राचा कल कमी होत नाही. हा भेद त्या वेळी कोणालाच स्पष्ट नव्हता, त्यामुळे प्रत्येक उरलेला फरक मेशँला स्वतःचा दोष वाटला.

भेद स्पष्ट व्हायला फार वेळ लागला नाही हे त्याचं दुर्दैव. 1805 मध्ये, मेशँच्या मृत्यूनंतर वर्षभराच्या आत, लझाँद्रने किमान वर्गांची पद्धत छापली. मापं एकमेकांशी जुळत नाहीत हे गृहीतच धरायचं आणि उरलेले फरक सगळ्यांत नियमाने वाटायचे, अशी ती रीत. तिचं उदाहरण म्हणून त्याने याच डंकर्क-बार्सिलोना पट्टीचे आकडे घेतले होते. राजस्थानात त्या रात्री माझ्या चार मीटरांचं जे करायला हवं होतं, ते तेच. फरक मर्यादेत आहे ना, मग तो सगळ्या टप्प्यांवर त्यांच्या लांबीप्रमाणे वाटून द्यायचा आणि आकडे तोफांकडे पाठवायचे. मर्यादेबाहेर असेल तर पुन्हा मोजायचं, पण उलट दिशेने, दुसऱ्या माणसाकडून, जमल्यास दुसऱ्या यंत्राने. मी तिन्ही वेळा त्याच दिशेने, त्याच यंत्राने, स्वतःच मोजलं होतं. 5 आणि 3.5 यांतला कुठला आकडा खरा हे मला सकाळीही सांगता आलं नाही, आणि आणखी दहा रात्री मोजत बसलो असतो तरी आलं नसतं.

द्लाँब्रने अशी तपासणी करून दाखवली होती. उत्तरेत मलँजवळ एक पायारेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजली, दुसरी दक्षिणेत पेर्पिन्याँजवळ. मलँच्या रेषेपासून त्रिकोणांच्या साखळीतून हिशेब करत पेर्पिन्याँच्या रेषेची लांबी काढली आणि प्रत्यक्ष मोजलेलीशी ताडून पाहिली. शेकडो किलोमीटरांच्या साखळीनंतर फरक आला एका फुटाच्या आसपास. तो त्याने छापला. त्या साखळीत मेशँचे त्रिकोणही होते. ज्या माणसाला स्वतःवर काडीचा विश्वास उरला नव्हता, त्याचं जमिनीवरचं काम इतकं पक्कं होतं.

आपल्याकडची एक आठवण सांगून थांबतो. मेशँ बार्सिलोनाच्या दक्षिणेला हिंडायच्या सुमारास, 1802 मध्ये, विल्यम लॅम्बटनने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणी सर्व्हेला सुरुवात केली. 1808 मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर त्याचा अर्धा टनाचा थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून वाकलं. नवीन मागवायचं तर विलायतेहून यायला काळ लोटणार. लॅम्बटन तंबूत बसला आणि सुमारे सहा आठवडे खपून त्याने वर्तुळ ठोकून-खेचून पुन्हा गोल आणलं. काम पुढे चालू राहिलं, आणि यंत्र पडलं होतं ही गोष्ट सर्वांना माहीत राहिली. 1823 मध्ये तो वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला, सर्व्हेच्या वाटेवरच वारला. त्याची कबर तिथे आहे.

माझं ते फील्डबुक युनिटमध्येच राहिलं. त्यातलं एक पान अजून आठवतं. 4 मीटर, त्यावर एक रेघ, शेजारी 5, त्यावर रेघ, शेजारी 3.5, आणि माझ्या तीन सह्या. खाली हवालदारसाहेबांनी पेनने वेळ घातली होती, सकाळचे 6 वाजून 10 मिनिटे.